येस म्हणजे येतो

आमच्या घरात बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायला बंदी आहे. मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो, तसं आमच्या अहिराणीत ‘येस’ म्हणतात. लहानपणी चुकून ‘जास’ म्हटलं की आई चप्पल काढायला लावून परत आत बोलवायची आणि नीट ‘येस’ म्हणवून घेऊन मगच सोडायची. त्यामुळे हा शब्द माझ्या जिभेला इतका चिकटला आहे की उंबरा ओलांडताना तो आपोआप बाहेर पडतो. मनात काहीही चालू असो, तोंड आपलं ‘येस’ म्हणून मोकळं होतं. हा एक शब्द मला केवढ्याला पडला, ते सांगायचं आहे.

मी सुरतेत, पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये कामाला होतो. व्यापारी कापडाचा चतकोर तुकडा आणून टाकतो आणि म्हणतो, हाच रंग पाहिजे. तो रंग छोट्या नमुन्यावर उतरवायचा, पसंत पडला की रंगांचं प्रमाण डाइंग मास्तरच्या हाती द्यायचं, हे माझं काम. त्यात मी बरा होतो, असं म्हणायला मला लाज वाटत नाही. पण मिल बंद पडायला लागते तेव्हा कोण बरा आणि कोण वाईट हे कुणी विचारत नाही. आधी एक पाळी गेली, मग मशिनं थंड पडत गेली आणि एक दिवस बॉयलरच विझला. आम्ही सगळे गेटबाहेर.

नंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. गोडादऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बायको साड्यांवर स्टोन चिकटवत बसायची आणि मी फोनकडे बघत बसायचो. अंघोळीला जाताना फोन बरोबर न्यायचो, खिडकीच्या कठड्यावर ठेवायचो. अंगाला साबण लावलेला असताना तो वाजावा असं वाटायचं, आणि वाजला की कर्ज देणाऱ्या कुठल्या तरी पोरीचा आवाज यायचा. शेजारी ‘आज सुट्टी का’ म्हणून विचारायचे. पहिल्यांदा मी हसलो, नंतर त्यांना बघून जिना चढायचं टाळायला लागलो. आईवर उगाच खेकसायचो. तिने पोळीला तूप लावलं तरी खेकसायचो. मनातल्या मनात मी स्वतःला रोज नोकरीवरून काढत होतो.

त्या सगळ्या काळात माझा फोन उचलणारं एकच माणूस होतं. रिंग रोडवर साड्यांच्या मार्केटमागे तिसऱ्या मजल्यावर एका गुजराती बाईंचं नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस आहे. सगळे त्यांना बेन म्हणतात, मीही म्हणायचो. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलवाल्यांना लॅबचा माणूस, मास्तर, सुपरवायझर लागला की ते आधी बेनना फोन करतात. आणखी दोन ठिकाणी मी गेलो होतो, तिथे आधी नोंदणीचे पैसे मागितले. बेननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पैसा कंपनी देती है, भाई. कैंडिडेट से हम नहीं लेते.” काही नसलं तरी त्या फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, “बोलो भाई. आज कुछ नहीं है. पर मैं भूली नहीं हूँ.” एवढंच. पण ते ऐकून मला त्या दिवशी दाढी करावीशी वाटायची. त्या दिवसांत मला कामाचा माणूस म्हणून वागवणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि हे मी विसरूच शकत नाही.

शेवटी बेननीच कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये माझं जमवलं. तिथल्या एचआरवाल्या साहेबाला तरुण माणूस हवा होता. बेननी त्याच्याशी भांडून मला भेटायला लावलं. भेट बरी झाली आणि मेलवर ऑफर लेटर आलं. बदलत्या पाळ्या, घरापासून लांब, आणि लॅबमध्ये तिसऱ्या नंबरचा माणूस. तरी मी ते लेटर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हो म्हना आनि मोकळं व्हा.”

मी हो म्हणणारच होतो. पण आदल्याच दिवशी एका जुन्या व्यापाऱ्याने परस्पर माझं नाव पांडेसऱ्यातल्या दुसऱ्या एका मिलमध्ये टाकलं होतं, आणि तिथून रंग उतरवून दाखवायला बोलावणं आलं. पूर्ण लॅब सांभाळायची, फक्त दिवसाची पाळी, घरापासून रिक्षाने थोडकं अंतर. होईल याची काही खात्री नव्हती. म्हणून ठरवलं, बेनकडून दोन दिवसांची मुदत मागायची. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं: बेन, जवाब देने के लिए दो दिन दीजिए.

सकाळी मी त्या दुसऱ्या मिलकडे निघत होतो आणि बेनचा फोन आला. कानाला फोन लावून एका पायात चप्पल सरकवत होतो. गल्लीत रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, काही धड ऐकू येत नव्हतं. बेन म्हणत होत्या, “भाई, लेटर देख लिया ना? साहब पूछ रहे हैं. मैं उनको हाँ बोल दूँ?” मी म्हणालो, “बेन, उसमें ऐसा है कि...” तेवढ्यात, कुठे चाललास म्हणून आतून आईने विचारलं, “कथा चालना रे?”

मी मागे वळून म्हणालो, “येस.”

“बहुत अच्छा,” पलीकडून आवाज आला आणि फोन कटला. मी परत लावला तर बिझी. रिक्षा समोर उभी होती. बेन नेमकं कशाला ‘बहुत अच्छा’ म्हणाल्या हे तेव्हा माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मी काय बोललो होतो हे मला कुठे ठाऊक होतं? आपण श्वास घेतला हे कुणी लक्षात ठेवतं का?

मिलच्या गेटवर फोन काढून घेतात. आत मला एक विटकरी तुकडा दिला आणि म्हणाले, करा. इतक्या महिन्यांनी हातात रंग आला होता. पहिला नमुना लालीकडे झुकला. दुसरा जवळ आला. तिसरा त्यांनी खिडकीपाशी नेला, दिव्याखाली धरला आणि मॅनेजर म्हणाला, “कब से आओगे? लेटर कल मेल कर देते हैं.” मी गेटवर येऊन फोन हातात घेतला तेव्हा मला सगळ्या जगाला मिठी मारावीशी वाटत होती. फोन उघडला. बेनचा मेसेज होता. ‘कंपनी को कन्फर्म कर दिया. उन्होंने दूसरे कैंडिडेट को मना कर दिया है. बधाई हो भाई.’

मी तिथेच गेटच्या कडेला बसलो. वॉचमन म्हणाला, इथे बसू नका.

घरी येईपर्यंत मला ते ‘येस’ आठवलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मंग? येसच म्हनतस ना?” तिचं बरोबर होतं. अख्ख्या सुरतेत हा गोंधळ फक्त आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकतो आणि तो माझ्याच नशिबात यायचा होता.

आता करायचं काय? बेनना लगेच सांगावं, तर पांडेसऱ्याचं लेटर अजून हातात नव्हतं. तोंडी शब्दावरून मिलवाले कसे फिरतात हे मी पाहिलेलं. इकडे नाही म्हणून बसायचं आणि तिकडून मेलच आला नाही तर? पुन्हा तो कठडा, तो फोन, तो साबण. आणि न सांगावं, तर कडोदऱ्याला लोक माझी वाट बघणार आणि बेन तोंडघशी पडणार. काही जण सरळ फोन बंद करून बसतात, आमच्या मिलमधल्या एकाने तसं केलं होतं. बेननी त्याचं नाव परत कधी काढलं नाही. रागाने नाही, काढलंच नाही. मला ते शिवीपेक्षा भयंकर वाटायचं. आमच्या धंद्यात मिल आज आहे, उद्या नाही. परत गेटबाहेर आलो तर ‘बोलो भाई’ म्हणणारा तो एक आवाजही गेलेला असणार, या भीतीने मी संध्याकाळभर खोलीत येरझाऱ्या घालत होतो. चांगली नोकरी लागल्याच्या दिवशी कुणी इतकं रडकुंडीला आलं असेल असं वाटत नाही.

बायकोने स्टोनचं काम बाजूला ठेवलं. “पहिले कागद इऊ द्या,” ती म्हणाली. “मंग फोनवर नका सांगू. जाईसन सांगा, तोंडवर.”

“आणि बेननी हाकलून दिलं तर?”

“तं तोंडवर हाकलाई ना. बरं ऱ्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. पगार, पाळी, रुजू व्हायची तारीख, सगळं लिहिलेलं. मी दोनदा वाचला, ‘मंजूर आहे’ असं उत्तर लगेच पाठवलं, आणि पोचल्याचं उत्तर येईपर्यंत चप्पल घातली नाही. मग आमच्या जुन्या लॅबमधल्या एका मित्राला फोन केला. तोही घरी बसला होता आणि कडोदऱ्याच्या बाजूलाच राहायचा. त्याला विचारलं, तिथे एक जागा आहे, तुझं नाव सांगू का? त्याने आधी पाळी कुठली ते विचारलं. मग म्हणाला, सांग ना यार. त्याचा होकार घेऊन मी रिंग रोडची रिक्षा पकडली.

बेन टेबलाशी होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मला बघून हसल्या, आणि ते हसणं बघून मला परत फिरावंसं वाटलं. “बेसो, बेसो. मिठाई लाए?”

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. म्हणालो, “बेन, मैं कडोदरा नहीं जा पाऊँगा. मुझे दूसरी जगह का लेटर आ गया है और मैंने वहाँ हाँ कर दी है. आपको फोन पे नहीं बोलना था, इसलिए आया.”

त्यांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू मी कोण आहे ते नीट बघायचं होतं. “आपने मुझे यस बोला था.”

मग मी ते सांगितलं. आई, उंबरा, येस. सांगताना माझं मलाच ते इतकं खोटं वाटायला लागलं की मध्येच आवाज फुटला. कुठल्या लहान पोराने शाळा बुडवून असं सांगितलं असतं तर मीच त्याच्या कानाखाली वाजवली असती. बेन ऐकत होत्या. विश्वास बसला की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“चलो, वो तो समझी,” त्या म्हणाल्या. “पर मेरा मैसेज तो कल ही देखा ना?”

“हाँ.”

“लेटर हाथ में आने तक नौकरी नहीं छोड़नी थी, ये सही किया. मैं अपने बेटे को भी यही सिखाती. पर इतना तो लिख सकते थे, बेन, मैंने हाँ नहीं बोला है, रुको. आज सुबह उनके यहाँ आपका कार्ड बनने दे दिया होगा.” त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मेरी फीस की बात नहीं है. वो तो आप जॉइन करते, महीनों टिकते, तब आती. पर वो साहब अब मेरा फोन दूसरी घंटी पे उठाते हैं. कल से पाँचवीं पे उठाएँगे.”

“माफ कर दीजिए,” एवढंच म्हणालो, आणि ते इतकं पोकळ वाटलं.

“एक बात पूछूँ? वो पगार बढ़ा दें तो? मैं बोल के देखूँ?”

क्षणभर मोह झाला. जास्त पैशाचा नाही, बेनचा चेहरा पूर्वीसारखा व्हावा याचा. पण मी मान हलवली. “नहीं बेन. वो बढ़ाएँ और मैं फिर भी ना बोलूँ, तो आपकी और खराबी होगी. और उधर मैं शब्द दे चुका हूँ.” मग मित्राचं नाव सांगितलं. “उससे पूछ के आया हूँ. शेड मिलाने में मुझसे कम नहीं है. वहीं पास में रहता है. और जिस दूसरे कैंडिडेट को मना किया, उसको भी अभी बोला जा सके तो...”

“वो मैं देखूँगी,” त्या म्हणाल्या, पण मित्राचा नंबर लिहून घेतला.

मग त्यांनी माझ्यासमोरच कडोदऱ्याला फोन लावला. “साहब, खराब खबर है, और मैं खुद दे रही हूँ.” पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. बेननी मला दोष दिला नाही, येसची गोष्टही सांगितली नाही. म्हणाल्या, समजण्यात चूक झाली, माझीच. माझी मान खाली गेली. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. साहेब म्हणाले, “कितना ज्यादा मिला?” मी म्हणालो, “सर, आपने मुझे मौका दिया, उसके लिए धन्यवाद. जो तकलीफ हुई उसके लिए माफी. मैं नहीं आ पाऊँगा.” बस. किती, कुठे, का, काहीच सांगितलं नाही. साहेब हं म्हणाले आणि फोन परत बेनकडे गेला.

“अब मेल लिखो. अभी, यहीं बैठ के. मुझे कॉपी में रखो.”

मी लिहिला. आईची तब्येत, शिफ्ट, अंतर, माझ्या हालअपेष्टा, सगळं घातलं. बेननी माझ्या हातातून फोन घेतला आणि खोडत गेल्या. “माँ को क्यों बीच में लाए? वो ठीक हैं ना? फिर? झूठ लिखोगे तो याद रखना पड़ेगा.” शेवटी राहिल्या चार ओळी. ऑफरबद्दल आभार, ती मी स्वीकारू शकत नाही हे स्वच्छ शब्दांत, झालेल्या त्रासाबद्दल क्षमा, पुढे कधी योग आला तर आनंद. नव्या मिलचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. त्या चार ओळी वाचून मला स्वतःबद्दल जरा बरं वाटलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. मी पाठवून दिला.

काम संपलं. बेन कॉम्प्युटरकडे वळल्या. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि तिथेच अडकलो.

गुजराती घरात, दुकानात, ऑफिसात, पाहुणा निघाला की ‘आवजो’ म्हणतात. म्हणजे या, परत या. भाव न पटलेल्या गिऱ्हाइकालाही म्हणतात. इतक्या महिन्यांत बेननी मला ‘आवजो’ म्हटल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं. आज त्या गप्प होत्या. आणि मी, जन्मभर उंबरा ओलांडताना तोंड आपोआप उघडणारा मी, तोंड घट्ट मिटून उभा होतो. तो शब्द इथे उच्चारायची माझी हिंमतच होत नव्हती. काही न बोलता निघालो तर आईच्या हिशेबाने तो ‘जास’च झाला असता, परत न येण्याचा. एक पाय बाहेर आणि एक आत असा मी मूर्खासारखा ताटकळत राहिलो, डोळ्यांत पाणी यायला लागलं.

बेननी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, “निकलते टाइम क्या बोलते हो आप लोग?”

मी म्हणालो, “तो... वही.”

“तो बोलो ना. दरवाजा खुला है, एसी जा रहा है.”

“येस,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

“आवजो,” बेन म्हणाल्या.

तीन जिने मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. खाली मार्केटात हातगाड्यांवरून साड्यांचे गठ्ठे चालले होते आणि एक हमाल मला बाजूला व्हायला सांगत होता. मी भिंतीला टेकून रडत होतो.